दोन पर्याय, एक शिफारस आणि सोमवार संध्याकाळ

नमस्कार मंडळी. साहेबांना मंजुरीचा मेल टाकला, चार दिवस झाले, उत्तरच नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. आणि बहुतेक वेळा तो मेल काढून बघितला ना, तर शेवटी एवढंच असतं, "कृपया मार्गदर्शन करावे." आता मार्गदर्शन म्हणजे नक्की काय करायचं, हे वाचणाऱ्यानेच शोधायचं, मग तो म्हणतो नंतर बघू, आणि ते नंतर काही येत नाही.

आपण एक उदाहरणच घेऊ. तक्रारी नोंदवायचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचा करार ३० तारखेला, शुक्रवारी संपतोय. करारात एक अट आहे की ७ दिवस आधी कळवलं नाही तर तो आपोआप वर्षभरासाठी वाढतो. म्हणजे गप्प बसलं तरी निर्णय होतोच, फक्त तो कुणी घेतलेला नसतो. दुसरीकडे नव्या सॉफ्टवेअरची चाचणी चालू आहे, ती संपायला अजून ६ आठवडे लागणार.

आता तारीख कशी काढायची? मागून मोजत यायचं. ३० मधून ७ गेले, २३, शुक्रवार. खरेदी विभागाला पत्र काढायला कामाचे २ दिवस लागतात, म्हणजे बुधवार २१. साहेबांनी एखादी शंका विचारली तर तिला एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे सोमवार १९. मेल जातोय बुधवारी १४ तारखेला, मधे शनिवार-रविवार, म्हणजे साहेबांच्या हातात खरे दिवस तीनच, गुरुवार, शुक्रवार, सोमवार. हे आधीच मोजलेलं बरं, नाहीतर आपल्याला वाटतं आपण पाच दिवस दिले. आणि "लवकरात लवकर" ही काय तारीख नाही हो, ते लिहिलं की मेल हमखास मागे पडतो.

मेल असा. विषयाच्या ओळीत: "मंजुरी हवी: तक्रार सॉफ्टवेअरचा करार, सोमवार १९ पर्यंत". आत:

"सर, करार ३० तारखेला संपतोय. माझी शिफारस पर्याय ब. सोमवार १९, संध्याकाळी ५ पर्यंत तुमचा निर्णय हवा आहे.
अ: एक वर्षासाठी नूतनीकरण. दर आत्ताचाच, पण वर्षभर बदलता येणार नाही.
ब: फक्त ३ महिने मुदतवाढ. महिन्याचा दर एक चतुर्थांश जास्त, पण ६ आठवड्यांत चाचणी संपल्यावर नवीन घेता येईल.
ब का: चाचणी जमली तर अ मध्ये उरलेल्या महिन्यांचे पैसे वाया जातील. चाचणी फसली तर मात्र ३ महिने जादा दर भरल्यासारखं होईल.
२३ पर्यंत कळवलं नाही तर करार आपोआप वर्षभर वाढेल.
उत्तरात फक्त अ किंवा ब लिहिलंत तरी चालेल."

बास. मोबाईलवर एका नजरेत येतो. दरपत्रकं वगैरे जोडायची तर जोडा, पण निर्णय घ्यायला ती उघडावीच लागतील असं नको.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चाचणी फसली तर वाली ओळ. आपल्याच शिफारशीचा तोटा आपणच लिहायचा. लोक घाबरतात की मग साहेब नाही म्हणतील, पण उलट होतं, तोटा लपवला की साहेबांना वास येतो आणि मग दहा प्रश्न येतात. तसंच दुसरा पर्याय खोटा नको, म्हणजे एक चांगला आणि एक मुद्दाम वाईट मांडलेला. ओळखायचं कसं? साहेबांनी तो दुसरा निवडला तर तुम्ही उद्यापासून तो करू शकता का? नसेल तर तो पर्याय नाहीच, सजावट आहे. तिसरा-चौथा टाकायचा मोह होतो तोही आवरा, कारण मग तुलनेचं काम परत त्यांच्याच गळ्यात पडतं.

काही जण लिहितात, "उत्तर न आल्यास मंजुरी आहे असे समजतो." हे फक्त तुमच्या अधिकारातल्या आणि परत फिरवता येणाऱ्या गोष्टीला चालतं, बैठकीची वेळ, मजकुराचा मसुदा असं काही. पैसे किंवा करार असला तर अजिबात नको. तिथे गप्प राहिल्यावर काय होतं ते सांगायचं, वरच्या मेलमधल्या २३ तारखेच्या ओळीसारखं, आणि सोमवारी सकाळी त्याच मेलवर एका ओळीची आठवण, दुपारपर्यंत नाही आलं तर सरळ फोन.

आणि समजा उत्तर आलं, "ठीक आहे." आता कशाला ठीक आहे, अ ला की ब ला? अंदाज बांधू नका, लगेच त्याच मेलवर लिहा, "सर, ब मंजूर असं समजू का? तुमचं 'ब' आलं की उद्या सकाळी ११ ला खरेदी विभागाला कळवतो, अ म्हणायचं असेल तर त्याआधी सांगा." पत्र जायचं आहे त्याच्या आत ही ओळ त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि खर्चाची मंजुरी असेल तर त्यांच्याकडून "ब" हे अक्षर येईपर्यंत पत्र थांबवून ठेवा.