बिल पास झालं, पण पैसे कुठल्या आठवड्यात?

हे शीट बघा. आडव्या ओळीत १३ आठवडे, खाली येणारे पैसे, त्याखाली जाणारे, आणि सगळ्यात खाली आठवड्याच्या शेवटी बँकेत किती उरले ते. एका कॉन्ट्रॅक्टरचं शीट आहे, काम एकाच मोठ्या क्लायंटचं चालू आहे, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसात पेमेंट असं करारात लिहिलंय, आणि त्याने शीट अगदी तसंच भरलंय.

सुरुवातीला बँकेत १४ लाख. मजुरी दर आठवड्याला २ लाख, ती थांबत नाही. मटेरियल सप्लायरचे ६ लाख तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात. भाडं आणि मशिनरीचे दीड लाख चौथ्या, आठव्या आणि बाराव्यात. सहाव्यात टॅक्सचे ३ लाख. आणि येणारी तीन बिलं, क्लायंट हमी म्हणून राखून ठेवतो ते रिटेन्शन कापून हातात पडतील ती रक्कम धरून: १६ लाख तिसऱ्या आठवड्यात, १५ सातव्यात, १५ अकराव्यात. खालची ओळ बघितली तर कुठेच ७ लाखांच्या खाली जात नाही, म्हणजे निवांत झोप लागावी असं शीट.

फक्त ते खरं नाही, कारण त्यातली येणाऱ्या पैशांची ओळ करारावरून आलीय, क्लायंटवरून नाही.

मी त्याला म्हटलं, जुनी फाइल काढा. याच क्लायंटची मागची ८ बिलं घेतली, प्रत्येक बिलाच्या तारखेपासून पैसे खात्यात जमा व्हायला किती दिवस लागले ते मोजलं, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावलं: ३८, ४१, ४४, ४५, ४७, ५२, ५८, ७९. एकही ३० मध्ये नाही! सरासरी काढू नका, एकटा ७९ तिला ओढून ५० च्या वर नेतो. मधला आकडा घ्या, तो ४६. म्हणजे नेहमीचा उशीर १६ दिवसांचा. दोन आठवडे आणि वर दोन दिवस, आणि असं वर काही उरलं की पैसे पुढच्याच आठवड्यात धरायचे. म्हणून प्रत्येक बिल ३ आठवडे पुढे सरकवलं.

आता तीच खालची ओळ बघा. तिसऱ्या आठवड्यात २ लाख उरतात, चौथ्यात दीड लाख उणे, पाचव्यात साडेतीन लाख उणे. सहाव्यात १६ लाख येतात आणि जरा श्वास घेता येतो, पण नवव्यात परत ६ लाख उणे. आणि तिसरं बिल तर १३ आठवड्यांच्या बाहेरच गेलं, चौदाव्यात, म्हणून तेराव्यात साडेसहा लाख उणे. काम तेच, नफा तोच, खर्चाचा एक आकडा बदललेला नाही, फक्त तारखा खऱ्या केल्या.

इथे बरेच जण एक चूक करतात आणि ती दिसायला हुशार दिसते. बिल वेळेवर यायची शक्यता अर्धी वाटते, म्हणून १६ च्या जागी ८ लाख लिहितात. अहो, पण ८ लाख कधीच येणार नाहीत, एकतर १६ येतील नाहीतर शून्य येईल, आणि मजुरी द्यायच्या दिवशी खात्यात या दोघांपैकीच एक असणार. म्हणून रक्कम कापायची नाही, तारीख हलवायची आणि शीटची दुसरी प्रत करायची, हळू पेमेंटची.

हळू प्रतीसाठी आम्ही ५८ दिवस घेतले. ७९ का नाही? कारण त्या बिलात एक्स्ट्रा कामावरून वाद होता, तो नेहमीचा उशीर नाही. वादातली रक्कम असेल तर ती शीटमध्ये शून्यच धरावी, वाद मिटेपर्यंत, असं माझं ठाम मत आहे. रिटेन्शनचंही तेच, डिफेक्ट लायबिलिटीचा, म्हणजे कामातले दोष आपणच दुरुस्त करून द्यायचा, काळ संपून क्लायंटने ते सोडलं नाही तोवर ते पैसे आपले असले तरी या १३ आठवड्यांत नाहीत.

५८ दिवस म्हणजे ४ आठवडे उशीर. आणि आता सगळ्यात वाईट आठवडा तेरावा नाही, सहावा झाला, साडेआठ लाख उणे, कारण टॅक्सचा हप्ता आधी येतो आणि बिल त्याच्या मागून. त्याची ओव्हरड्राफ्टची मर्यादा ८ लाख. म्हणजे अर्धा लाख कमी पडतो, आणि तो कुठे कमी पडतो तर मजुरीच्या दिवशी.

पण हे आज पहिल्या आठवड्यात कळलंय, हातात ५ आठवडे आहेत, हाच या शीटचा उपयोग. त्याने सप्लायरला तेव्हाच फोन केला, बिल थकल्यावर नाही. तिसऱ्या आठवड्यातले ६ लाख अर्धे तेव्हा आणि अर्धे सातव्यात, सातव्यातले अर्धे अकराव्यात, असं ठरलं. सप्लायरने ऐकलं कारण तारीख आधी सांगितली, आणि हळू प्रतीवर टिकेल अशीच सांगितली. त्याच हळू प्रतीत सहावा आठवडा आता साडेपाच लाख उणेवर थांबतो, दहावा ५ लाख उणेवर, दोन्ही मर्यादेच्या आत.

दुसरा फोन क्लायंटच्या ऑफिसला. इथे काय विचारता त्यावर सगळं आहे. ‘पैसे कधी देणार’ विचारलं की ‘लवकरच’ ऐकू येतं, आणि ‘लवकरच’ला शीटमध्ये कॉलम नाही. विचारायचं असं: बिल आत्ता कोणाच्या टेबलवर आहे, सर्टिफाय झालं का, आणि कुठल्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये, म्हणजे एकत्र पैसे सोडायच्या यादीत, टाकलंय? त्याने तसं विचारलं तेव्हा कळलं की मापाच्या एका पानावर साइट इंजिनिअरची सही राहिलीय आणि बिल त्या एका पानासाठी नऊ दिवस पडून आहे, कोणी कळवलंच नव्हतं. त्याच दुपारी तो पान घेऊन गेला आणि सही घेऊन आला.

आता प्रत्येक बिलापुढे एक छोटा रकाना आहे: बिल क्लायंटला दिलं, सर्टिफाय झालं, पेमेंट रनमध्ये. तिसऱ्या पायरीवर पोचलं की मोजलेल्या दिवसांच्या ऐवजी रनची खरी तारीख घालायची. तोवर क्लायंट तोंडी काहीही म्हणो, तारीख इतिहासाचीच.

मात्र ८ बिलांचा इतिहास म्हणजे फार नाही, आणि क्लायंटकडे बिलं पास करणारा माणूस बदलला की हे दिवसही बदलतात, म्हणून प्रत्येक नवं पेमेंट आलं की त्याचे दिवस त्या ओळीत घालायचे आणि मधला आकडा परत बघायचा.

शुक्रवारी संध्याकाळी तो शीट उघडतो. संपलेल्या आठवड्यात अंदाजाच्या जागी बँकेतले खरे आकडे टाकतो, आणि जिथे फरक पडला तिथे एकच प्रश्न: हे पैसे उशिरा येणार आहेत, की येणारच नाहीत? उशिरा येणार असतील तर पुढच्या कॉलममध्ये ढकलायचे, येणारच नसतील तर खोडायचे. नुसते पुढे ढकलत राहिलं की शीट छान दिसतं आणि खातं रिकामं.

पहिल्या शुक्रवारी त्याने पहिला कॉलम बंद केला, शेवटी चौदावा जोडला, आणि नेहमीच्या उशिराच्या प्रतीत तिसऱ्या बिलाचे १५ लाख पहिल्यांदा दिसले. त्यापुढच्या रकान्यात त्याने लिहिलं: अजून दिलेलं नाही.