तालुक्याच्या गावातली उन्हाळी आणि प्रयोगशाळेतला तक्ता

(वैद्यकीय अधिकारी, आशाताई आणि औषधविक्रेते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयी बोलताना अतिदक्षता विभागाचाच विषय निघतो. मी मात्र आज उन्हाळीबद्दल, म्हणजे बायकांच्या लघवीच्या जळजळीबद्दल बोलणार आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत हा त्रास आपल्याकडे नेहमीचाच असतो, कारण शेतात आडोसा नसतो, म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने दवाखान्यात जायचे तर दिवस बुडतो, त्यामुळे ती आधी गावातल्या मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणते आणि बरे वाटले की तिथेच थांबते.

या दुखण्याचे कारण बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू असतो. ताप किंवा कमरेत दुखणे नसेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन हे जुने, स्वस्त औषध पाच दिवस पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली केलेल्या वर्गवारीत ते पहिल्या पसंतीच्या गटात आहे. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मात्र जपून वापरायच्या गटात आहेत. असे असूनही अनेक ठिकाणी सरळ सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची सुई दिली जाते, आणि तसे का, असे विचारले की कोणत्या औषधाला किती टक्के जंतू दाद देत नाहीत हे दाखवणारा प्रयोगशाळेचा तक्ता पुढे येतो. त्या तक्त्याकडे जरा नीट पाहू.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये सुरू केलेले सर्वेक्षणाचे जाळे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांवर उभे आहे. तिथे जमणारी माहिती खरीच असते, पण ती तिथवर पोहोचलेल्या रुग्णांची असते. मी एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका तालुक्यात वर्षभरात १००० बायकांना ई. कोलायमुळे उन्हाळी लागली आणि त्यांपैकी १०० जणींचा जंतू नायट्रोफ्युरँटॉइनला दाद देत नाही, म्हणजे प्रतिरोध १० टक्के. उरलेल्या ९०० जणी बहुतेक गोळ्यांनीच बऱ्या होतात. त्यांतल्या ४५ जणींचीच लघवी तपासायला जाते. ज्यांना गुण येत नाही त्या १०० जणींपैकी मात्र निम्म्या, म्हणजे ५० जणी, जिल्ह्याला पोहोचतात. प्रयोगशाळेला ९५ नमुने दिसले आणि त्यांत ५० प्रतिरोधी निघाले, म्हणजे तक्त्यावर आकडा ५३ टक्के. साध्या मूत्रसंसर्गात प्रतिरोध २० टक्क्यांच्या वर गेला की ते औषध अंदाजाने देऊ नये, असा एक प्रचलित संकेत आहे. म्हणजे प्रयोगशाळेने एकही चूक न करता एक चांगले औषध तालुक्यातून बाद झाले, आणि त्याच्या जागी आलेल्या सुईमुळे आतड्यातल्या जंतूंपैकी त्या सुईच्या गटातली, म्हणजे सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे पचवणारे तेवढे वाढायला लागले.

त्यातच आधी गोळ्या घेतलेल्या बाईच्या नमुन्यात औषधाला बळी पडणारे जंतू उगवतच नाहीत, आणि वरचेवर भरती होणाऱ्या एकाच रुग्णाचे पाच नमुने पाच वेळा मोजले जातात. दुसऱ्या दोषावर साधा नियम आहे: दर रुग्णामागे वर्षातला त्या जंतूचा पहिलाच नमुना धरायचा, आणि एखाद्या जंतूचे नमुने ३० पेक्षा कमी असतील तर टक्केवारी छापायची नाही. पहिल्या दोषावर मात्र आकडेमोडीत उपाय नाही. त्यासाठी नमुनाच वेगळ्या जागी घ्यावा लागतो.

तीन-चार प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडावीत आणि ठरलेल्या आठवड्यांत उन्हाळीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी घ्यावा. अवघड केस म्हणून कोणाला निवडायचे नाही आणि साधी केस म्हणून कोणाला सोडायचेही नाही. आधी गोळी घेतली होती का, हे विचारून लिहावे. ‘घेतली’ म्हणणारीला रागावलात, तर पुढची खरे सांगणार नाही. अशा १०० नमुन्यांत ई. कोलाय उगवला आणि त्यांतले १० प्रतिरोधी निघाले, तर खरा आकडा साधारण ५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान असेल. ही अचूकता फार नाही, पण औषध ठेवायचे की सोडायचे, एवढे ठरवायला ती पुरते.

खरी अडचण वाटेत आहे. लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली नाही तर ती थंड ठेवावी लागते. नाहीतर विदर्भातल्या मे महिन्यात एसटीच्या टपावर डब्यातले चार जंतू संध्याकाळपर्यंत लाखोंवर जातात. अहवालात तीन-तीन प्रकारचे जंतू एकत्र उगवलेले दिसले, तर तो संसर्ग मानू नये. नमुना घेताना किंवा नेताना बिघडला, असे आधी धरावे. बोरिक अ‍ॅसिडची नळी मिळाली तर थंडाव्याशिवायही दिवसभर निभते, मात्र ती खुणेपर्यंत भरली पाहिजे, कारण लघवी कमी पडली तर तेच अ‍ॅसिड जंतूंना मारते आणि अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो.

औषधविक्रेत्यांकडेही माहितीचा एक साठा पडून आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीनुसार सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी औषधे विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि किती औषध दिले, हे नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही वही बहुतेक तपासनिसाच्या भीतीनेच भरली जाते, आणि चिठ्ठीशिवाय गेलेली पाकिटे तिच्यात दिसणारच नाहीत. तरीही वेचणीच्या महिन्यांत सेफिक्झिमची विक्री किती चढते, हे तिच्यातून कळू शकते. तो चढ आणि आरोग्य केंद्रातल्या १०० नमुन्यांचा निकाल तालुक्याच्या मासिक बैठकीत शेजारी ठेवले, की सुई कुठे जंतूमुळे दिली जाते आणि कुठे तक्त्यामुळे, हे वेगळे करता येईल.