लोखंड वितळवायचं नाही, जाळायचं
(सातपूर, नाशिक येथे फॅब्रिकेशनच्या कामगारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सातपूर-अंबडच्या शेडमध्ये गॅस कटिंग रोज चालतं, पण टॉर्च प्लेट वितळवते असंच बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पोलाद 900 अंशांच्या आसपास तापलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत पडला, की ते जळायला लागतं. जळून होणारा ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला पातळ होतो आणि झोताबरोबर खाली वाहून जातो. स्टेनलेस स्टील या टॉर्चने नीट कापलं जात नाही ते याचमुळे. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड पोलादाआधी वितळत नाही, तो कापावर घट्ट बसून राहतो.

आता 12 मिलिमीटरची साधी एमएस प्लेट घ्या, कापायची लांबी 30 सेंटीमीटर. आधी गंज, रंग खरवडून काढा. नोजल 3/64 चं, ऑक्सिजन दोन-अडीच बार. ॲसिटिलीन पेटवून काजळी थांबेपर्यंत वाढवा, मग ऑक्सिजन सोडत जा. आतल्या शंकूभोवतीची धूसर शेपटी शंकूत मिसळली, की ज्योत न्यूट्रल झाली. इथेच बरेच जण थांबतात. मी म्हणतो, आता लिव्हर दाबून ज्योत पुन्हा पाहा. कटिंगचा ऑक्सिजन सुटला की प्रीहीटकडचा दाब थोडा पडतो आणि शेपटी परत येते. लिव्हर दाबलेला असतानाच ती घालवा, कारण काप त्याच ज्योतीवर होणार आहे.

प्रीहीट प्लेटच्या कडेवर द्या. शंकूचं टोक प्लेटपासून तीनेक मिलिमीटर वर ठेवा. कड लालभडक झाली की लिव्हर हळूहळू दाबा. नुसत्या मंद लालीवर दाबलात तर झोत कड गार करतो आणि काप सुरूच होत नाही.

एकदा जळणं सुरू झालं की बरीचशी उष्णता लोखंडच देतं. म्हणून हाताचा वेग महत्त्वाचा. या प्लेटला मिनिटाला साधारण 40 सेंटीमीटर, म्हणजे आपला काप पाऊण मिनिटाचा. ठिणग्या खालून, किंचित मागे झुकून पडत राहिल्या तर वेग बरोबर आहे. त्या वर उडाल्या तर झोत आरपार गेलेला नाही. तुम्ही पुढे पळताय.

काप थंड झाल्यावर कापलेली बाजू नीट बघा, माझ्या मते खरा हिशोब तिथेच असतो. बारीक रेषा जवळजवळ उभ्या आणि खालचं टोक जरासं मागे, तर काम चांगलं. रेषा खाली खूप मागे वळल्या असतील तर घाई झाली. वरची धार वितळून गोल झाली आणि खाली घट्ट स्लॅग चिकटला, तर बहुधा हात रेंगाळला. पण ज्योत फार मोठी असली तरी वरची धार अशीच गळते, तेव्हा वेग वाढवण्याआधी ज्योत तपासा.

मधेच काप तुटला तर लिव्हर लगेच सोडा. जिथे काप आरपार गेला होता तिथे थोडं मागे या, कड पुन्हा लाल करा आणि मगच लिव्हर दाबा.