मोरयाच्या गजरात चॅट सांभाळताना

[दृश्य: लक्ष्मी रस्ता, विसर्जन मिरवणूक. नंतर थेट प्रक्षेपणाचा पडदा, उजवीकडे वेगाने सरकणारे चॅट.]

पुण्याची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीच्या सकाळी मंडईतून निघते आणि मानाचे पाच गणपती पुढे गेल्यानंतरही लक्ष्मी रस्त्यावरून दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहते. पेठेतील अनेक मंडळे आता ती यूट्यूबवरून थेट दाखवतात. घराबाहेर पडू न शकणारी आजी आणि परदेशी गेलेला नातू एकाच वेळी ती पाहतात आणि शेजारच्या चॅटमध्ये दोघेही ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहितात. हे चॅट रात्रभर वाचण्याजोगे ठेवण्याचे काम मंडळाचे तीन कार्यकर्ते एका लहान खोलीत बसून करतात. ते कसे करतात, हे आपण पाहणार आहोत.

या चॅटची मोठी अडचण शिवीगाळ ही नाही. मंडळाचेच नाव आणि बोधचिन्ह लावलेले एखादे खोटे खाते ‘देणगीसाठी या क्रमांकावर पाठवा’ असा संदेश टाकते, तेव्हा खरा धोका सुरू होतो. शेकडो भक्तिभावाच्या ओळींमध्ये हा संदेश मिसळून जातो आणि भाबडा प्रेक्षक पैसे पाठवूनही मोकळा होतो. चॅटची बहुतेक व्यवस्था या एका संदेशाला वेळेत गाठण्यासाठी लावावी लागते.

[दृश्य: प्रक्षेपणाची सेटिंग. स्लो मोडचा आकडा बदलणारा हात.]

पहिले साधन स्लो मोड. एकदा संदेश पाठवल्यावर त्याच माणसाने पुढचा संदेश किती सेकंदांनी पाठवावा, हे त्यातून ठरते. येथे एक गैरसमज नेहमी होतो. ही मर्यादा प्रत्येक खात्यावर असते, संपूर्ण चॅटवर नसते. समजा, एका वेळी १२० माणसे उत्साहाने लिहीत आहेत. अंतर १० सेकंदांचे ठेवले, तर सेकंदाला १२ संदेश येऊ शकतात आणि ते कोणालाही वाचता येणार नाहीत. अंतर ६० सेकंद केले की हा आकडा जास्तीत जास्त २ वर येतो आणि दोन माणसांना तो झेपतो. म्हणून हा आकडा वाचणाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहून ठरवावा. दुपारी, मोजके लोक लिहीत असताना, १० सेकंद पुरेसे असतात. रात्री मोठ्या मंडळांचे रथ चौकात येऊ लागले की ते वाढवावे लागतात. विनाकारण मोठे अंतर ठेवले, तर ‘आता कोणता गणपती आला?’ असे विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही आणि तो निघून जातो.

या साधनाची मर्यादाही स्पष्ट आहे. खोडसाळ माणसाने सहा खाती उघडली, तर त्याला सहा पाळ्या मिळतात. वेगवेगळ्या नावांनी एकच मजकूर एकापाठोपाठ येऊ लागला, की अंतर वाढवत बसण्याऐवजी ती खाती एकेक करून लपवावीत.

[दृश्य: सेटिंगमधील Blocked words हा रकाना. स्वल्पविरामांनी वेगळे केलेले शब्द.]

दुसरे साधन म्हणजे रोखलेल्या शब्दांची यादी. मराठीत ही यादी करणे मोठ्या कष्टाचे आहे, कारण आपला शब्द एका रूपात थांबत नाही. ‘गाढव’ हा सौम्य शब्दच घेतला, तर ‘गाढवा’, ‘गाढवाचा’, ‘गाढवांनो’ ही रूपे वेगळी लिहावी लागतात आणि रोमन लिपीतील gadhav, gaadhav, gadhava ही पुन्हा निराळी. त्याहून सूक्ष्म अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘म्हाताऱ्या’ हा शब्द हेटाळणीने लिहिला जातो. त्यातील अर्धा ‘र’ काही कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे यादीत शब्द असूनही तो चॅटमध्ये दिसला, तर तो शब्द त्या संदेशातून जसाच्या तसा उचलून यादीत टाकावा. आपल्या कीबोर्डवर तो पुन्हा लिहू नये.

आर्थिक फसवणुकीसाठी कार्यकर्त्यांनी या यादीत यूपीआय पत्त्यांचे शेवटचे भाग घातले आहेत, उदाहरणार्थ `@ybl`, `@okaxis`, `@oksbi`. चॅटमधील संकेतस्थळांचे दुवे रोखण्याचा पर्याय वेगळा असतो आणि तो चालू ठेवावाच. मात्र मोबाइल क्रमांक हा दुवा नसल्यामुळे तो त्यातून सहज निसटतो. अंकांमध्ये मोकळी जागा सोडलेला किंवा देवनागरी अंकांत लिहिलेला क्रमांक यादीने पकडण्याची आशा धरू नये. तेथे माणूसच हवा.

यादी फार वाढवणेही घातक ठरते. या मंडळाने सुरुवातीला ‘चोर’ हा शब्द रोखला होता, कारण दोन मंडळांच्या समर्थकांमध्ये तो फेकला जात असे. मग ‘चौकात मोबाइल चोर फिरत आहेत, सावध राहा’ असा उपयुक्त संदेशही अडला. शब्द काढून टाकला गेला आणि त्याचा निवाडा माणसांवर सोपवला गेला. माझ्या मते हाच योग्य मार्ग आहे: ज्या शब्दाला एकही भला उपयोग नाही, तेवढाच यादीत असावा.

[दृश्य: खोलीतील तिघे कार्यकर्ते, प्रत्येकासमोर वेगळा पडदा.]

ती माणसे म्हणजे विश्वासू मदतनीसांची खाती, ज्यांना यूट्यूबवर मॉडरेटर म्हणतात. त्यांना संदेश काढता येतो, एखाद्याला थोडा वेळ गप्प करता येते किंवा त्याचे खाते वाहिनीवरून लपवता येते. स्लो मोड त्यांना लागू होत नाही, म्हणून हा अधिकार ओळखीपाळखीने वाटू नये. तो देताना दिसणाऱ्या नावावर विसंबू नये, कारण तेच नाव कोणीही लावू शकतो. त्या व्यक्तीच्या वाहिनीचा पत्ता तिच्याकडूनच घ्यावा. मंडळाच्या वाहिनीचा मुख्य पासवर्ड मात्र कोणालाही सांगू नये.

बसल्यावर मदतनीसाने पहिली गोष्ट करायची, ती म्हणजे चॅटच्या वरच्या भागातील Top chat ऐवजी Live chat निवडणे. पहिल्या पर्यायात यूट्यूब काही संदेश आपणहून गाळते आणि जे दिसत नाही ते आवरता येत नाही. येथे तिघांनी कामे वाटून घेतली आहेत: एकजण चॅट वाचतो, दुसरा तपासणीसाठी थांबलेले संदेश सोडतो किंवा काढतो, आणि तिसरी कार्यकर्ती दर काही मिनिटांनी लिहिते की मंडळ चॅटमधून देणगी मागत नाही. खोटे देणगी-खाते दिसताच त्याला तात्पुरते गप्प करण्यात अर्थ नसतो. संदेश काढून खाते लगेच लपवावे. भावनेच्या भरात वाद घालणाऱ्याला मात्र पाच मिनिटे गप्प केले, की तो बहुधा शांत होऊन परततो.

या सगळ्याची चाचणी आदल्या दिवशी, केवळ दुवा असलेल्यांनाच दिसणाऱ्या प्रक्षेपणावर घ्यावी. ती वाहिनीच्या किंवा मदतनीसाच्या खात्यावरून घेऊ नये, कारण त्यांना गाळणी लागू होत नाही आणि सारे काही सुरळीत चालले आहे असा भास होतो.

[दृश्य: पहाट, अलका चौक. पडद्यावर नवे प्रक्षेपण सुरू करण्याची तयारी.]

बारा तासांपेक्षा लांब प्रक्षेपण यूट्यूबवर आपोआप जतन होत नाही, म्हणून मिरवणूक तुकड्यातुकड्यांत दाखवावी लागते. शब्दांची यादी आणि मदतनीस वाहिनीला जोडलेले असल्यामुळे ते नव्या तुकड्यातही कायम राहतात. स्लो मोड मात्र त्या त्या प्रक्षेपणाची सेटिंग आहे. म्हणून नवा दुवा जाहीर करण्यापूर्वी स्लो मोडचा आकडा पुन्हा तपासण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी लागते. या खोलीत ती देणगीची सूचना लिहिणाऱ्या कार्यकर्तीकडे आहे.