‘वजन’ म्हणजे नेमके कोणते वजन?

रावेर आणि यावल तालुक्यांतल्या केळी उत्पादकांच्या एका गटाचे हंगामभराचे कागद आम्ही एकत्र केले, तेव्हा मोबाइलवर काढलेली सुमारे ३०० छायाचित्रे हाती आली. भुईकाट्याच्या छापील पावत्या, व्यापाऱ्यांच्या हाताने लिहिलेल्या हिशोबपट्ट्या, सातबारे, बँक पासबुकांची पहिली पाने असे सगळे त्यात होते. माझ्याकडून तेव्हा घाई झाली. नाव, तारीख, वजन आणि रक्कम असे चार रकाने आखून मी छायाचित्रे वाचून ते भरायला सांगितले. काम संपल्यावर वजनाची बेरीज केली, तर गटाच्या एकूण बागांतून निघणेच शक्य नाही इतका माल दिसू लागला.

यात कोणी आकडा चुकीचा वाचला नव्हता, हे मला विशेष सांगायचे आहे. एकाच गाडीचे उदाहरण घेऊ. काट्याच्या पावतीवर भरलेली गाडी ८४६० किलो, रिकामी ३१२० किलो आणि निव्वळ माल ५३४० किलो असे तीन आकडे होते, तर त्याच मालाच्या हिशोबपट्टीवर दोन टक्के कटती वजा जाऊन ५२.३३ क्विंटल लिहिले होते. वाचणाऱ्याने कधी पहिला आकडा उचलला, कधी तिसरा, आणि पट्टीवरचा तर एकक न पाहताच घेतला. ‘वजन’ या शब्दात ही चारही वजने बसत असल्यामुळे दोष वाचणाऱ्याकडे जात नाही, तो रकान्याला नाव देणाऱ्याकडे येतो.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी वेगवेगळ्या काट्यांची आणि व्यापाऱ्यांची मिळून २० छायाचित्रे निवडली (गठ्ठ्यातली पहिली २० घेतली असती, तर ती एकाच काट्याची निघाली असती) आणि कागदावर जे जे आकडे दिसले त्यांची यादी करून मगच नावे ठरवली. वजन कोणत्या टप्प्यावरचे आणि कोणत्या एककातले, हे नावातच आणले.

```
vajan_bharlele_kg: integer | null
vajan_rikame_kg: integer | null
vajan_nivval_kg: integer | null
vajan_katatinantar_qtl: decimal | null
dar_prati_qtl: decimal | null
hamali_rs: decimal | null
hati_rakkam_rs: decimal | null
```

एका छायाचित्राला एक ओळ, आणि काट्याची पावती व पट्टी जोडायला गाडीचा क्रमांक व तारीख, असा नियम केला. त्यामुळे एकच माल दोनदा मोजला जाणे थांबले. इथे `null` याचा अर्थ तो आकडा कागदावर नाही, एवढाच होतो. हमाली शून्य लिहिलेली असणे आणि हमालीची ओळच नसणे यांत फरक आहे, आणि आकडा आहे पण घडीवर पुसला गेला आहे ही तिसरीच अवस्था. तिच्यासाठी न वाचता आलेल्या रकान्यांची नावे लिहिण्याचा एक वेगळा रकाना ठेवावा लागला.

आकड्यासारखे दिसणारे सगळेच आकडे नसतात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही, ते मजकूर म्हणून साठवावे. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक १२/३ स्प्रेडशीटमध्ये मोकळा टाकला की त्याची तारीख होऊन बसते, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे शेवटचे अंक एक्सेलमध्ये शून्य होतात. हे नुकसान नंतर रकान्याचा प्रकार बदलून भरून येत नाही.

ठरावीक पर्यायांच्या रकान्यात मात्र आपल्या भागातल्या बोलण्याने मला चकवले. ‘बागेचा प्रकार’ या रकान्यात मी मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग असे तीन पर्याय दिले होते. केळीवाल्या घरातल्या कोणाच्याही लक्षात येईल की मृग आणि कांदे हे लागवडीचे हंगाम आहेत, तर पिलबाग म्हणजे आधीच्या झाडाच्या पिलावर घेतलेले पीक. कांदेबागेचाही पिलबाग असू शकतो. एका रकान्यात दोन प्रश्न कोंबले गेले होते. ते दोन रकाने केले, आणि दोन्हींत ‘इतर’ व ‘लिहिलेले नाही’ हे पर्याय ठेवले, कारण पर्याय नसला की वाचणारा जवळचा पर्याय निवडून मोकळा होतो.

रकाने असे सुटे केले की कागद स्वतःचा हिशोब स्वतःच तपासू देतो. भरलेल्यातून रिकामे वजा केले की निव्वळ आले पाहिजे. ५२.३३ क्विंटलला १८५० रुपये दराने ९६,८१०.५० रुपये होतात आणि ६५० रुपये हमाली वजा जाता हाती ९६,१६०.५० रुपये यायला हवेत. हाताने लिहिलेला ८ हा ३ वाचला गेला आणि दर १३५० पडला, तर हे गणित तिथेच तुटते आणि कोणते छायाचित्र पुन्हा उघडायचे ते कळते. मात्र सुटी काट्याची पावती, जिच्यावर फक्त निव्वळ वजन आहे, तिला असा आधार नसतो. ती दोघांनी वेगवेगळी वाचण्यावाचून मार्ग नाही.

गणित तुटलेल्या काही पट्ट्या आम्ही पुन्हा उघडल्या, तेव्हा वाचन बरोबर होते आणि गुणाकार पट्टीवरच चुकलेला होता. तिथे आम्ही आकडा सुधारला नाही. कागदावर होता तोच ठेवला, फरकाची रक्कम वेगळ्या रकान्यात लिहिली आणि त्या पट्ट्या त्या त्या शेतकऱ्याच्या हाती दिल्या.