हाली का कलदार?

(उदगीर इथल्या एका वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर विषय लिहिलाय, 'कर्जपुनर्रचनेचं पत्र कसं तपासावं'. तो वाचून मागच्या रांगेतले दोघं हळूच उठले, ते मी पाहिलं. बसा हो, अजून चहा व्हायचाय.

बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण हा विषय मी बँकेत शिकलो नाही. माझ्या आजीकडून शिकलो. निजामाच्या राज्यात आपल्याकडं दोन रुपये चालायचे. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. आजीला कोणी काही भाव सांगितला, बैलाचा असो का लुगड्याचा, ती आधी एकच विचारायची, "हाली का कलदार?" हाली बंद होऊन वर्षं लोटली तरी तिची सवय गेली नाही. माझा पहिला पगार सांगितला तेव्हासुद्धा तिनं तेच विचारलं. आम्ही हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "आकडा कोणीबी सांगतंय रं. कशातला ते सांगत नाहीत."

कर्जाचे हप्ते किंवा मुदत बदलली की बँक जे पुनर्रचनेचं पत्र देते, त्यात नुसते आकडे. आकडा कोणत्या तारखेचा आणि कशातला, हे शोधणं म्हणजे तपासणी. बाकी सगळं सांगायला वेळ मिळाला तर सांगेन. नाही मिळणार, मला माहीतय.

माझ्या मावसभावाचं दुकान आहे. अतिवृष्टीत पाणी शिरलं आणि माल गेला. त्यानं अर्ज केला, बँकेनं सहा महिने हप्ते थांबवले. कर्ज तेव्हा 8,00,000 रुपये बाकी होतं, व्याज 9 टक्के, हप्ता 10,134 आणि हप्ते राहिले होते 120. सहा महिन्यांनी पत्र आलं, चार पानांचं. पहिल्या पानावर "मुदत 6 महिन्यांनी वाढविण्यात येत आहे", हप्ता तोच. भाऊ खूश. आमच्याकडं पेढे घेऊन आला.

मी म्हणालो, "पेढे ठेव, शेवटचं पान दाखव." शेवटच्या पानावर परतफेडीचं वेळापत्रक असतं. तेच बघायचं सगळ्यात जास्त राहून जातं, कारण त्याच्यावर सहीची जागा नसते. सही पहिल्या पानावर घेतात.

वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत सुरुवातीची बाकी होती 8,40,222. आता हाली का कलदार? ही बाकी कुठून आली? आठ लाखावर महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे 6,000 रुपये व्याज. सहा महिन्यांचं सरळ 36,000. पण बँक दर महिन्याला व्याज खात्यात टाकते आणि पुढच्या महिन्यात त्याच्यावरही व्याज लावते, म्हणून 36,682 होतं. दोन्हीतला फरक फक्त 682. असल्याच व्याजावरच्या व्याजावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला होता, ते पुढं सांगतो. आठवण करून द्या.

म्हणजे बाकी यायला हवी 8,36,682. पत्रात 3,540 जास्त. मी भावाला खातेउतारा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी कळलं. हप्ते थांबवले, पण खात्यातून हप्ता आपोआप कापायची जी परवानगी दिलेली असते, ते मँडेट कोणी थांबवलं नाही. सहाही महिने बँकेनं हप्ता मागितला, भावाच्या खात्यात पैसे नव्हते, तो परत गेला आणि दर वेळी 590 रुपये शुल्क लागलं. सहा गुणिले 590 म्हणजे 3,540. ते चुपचाप मुद्दलात मिसळलं. ज्या हप्त्यांना बँकेनंच सुट्टी दिली होती, ते चुकले म्हणून दंड!

शाखेत गेलो. मी आयुष्यभर त्याच काउंटरच्या आतल्या बाजूनं बोललो, त्या दिवशी बाहेरच्या बाजूनं. समोरचा पोरगा म्हणाला, "काका, सिस्टीमनं टाकलंय." मी म्हणालो, "बाळा, सिस्टीमला कोण पगार देतं?" तो हसला, पण उत्तर आलं नाही. मग मी त्याला पहिली ओळ दाखवली. व्याज 6,302 लागलंय, बरोबर बाकीवर ते 6,275 यायला हवं. त्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि मग मात्र साहेबांना बोलवायला गेला. पहिल्या ओळीचं व्याज स्वतः काढणं हे एवढंच सोपं आहे. बाकी गुणिले दर, भागिले शंभर, भागिले बारा. शाखेत माणूस आकड्यानं हलतो, आवाजानं नाही. आवाजाची त्याला रोजची सवय असते.

(इथं आयोजकांनी वक्त्यांच्या हातात चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं. बरं. मुदतीचं राहिलंय, आणि तेच खरं महाग आहे.

वेळापत्रकाच्या ओळी मोजा. भावाच्या पत्रात 131 ओळी होत्या. मूळचे हप्ते 120. म्हणजे सहा महिन्यांची सुट्टी, त्यावर आणखी अकरा हप्ते. पहिल्या पानावरचं "6 महिने" ही फक्त सुट्टी होती. हप्ता तोच ठेवला की वाढलेली बाकी शेवटी जाऊन बसते आणि तिथं ती दहा वर्षं व्याज खात राहते. दंड काढल्यावर ओळी 130 झाल्या, म्हणजे तरीही कर्ज मूळ तारखेच्या सोळा महिने पुढं जात होतं. सहा हप्त्यांचे 60,804 टळले आणि शेवटी एकूण साधारण 93 हजार जास्त भरावे लागले असते. बँकेनं फसवलं नाही, हिशेबच तसा आहे. पण पहिलं पान ते सांगत नाही.

खरोखर सहाच महिने वाढवायचे असतील, तर ओळी 120 ठेवून हप्ता 10,599 होतो, महिन्याला 465 जास्त. एकूण सुमारे 56 हजार जास्त जातात. किंवा साचलेलं 36,682 एकरकमी भरा, मग हप्ताही तोच आणि ओळीही 120. भावाकडं तेवढे नव्हते, त्यानं 10,599 चा पर्याय मागितला, तोही लेखी. तोंडी मागितलं की लक्षात राहत नाही, दोघांच्याही.

682 विसरलो नाही. 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 ह्या कोरोनाच्या काळातल्या हप्त्यांच्या स्थगितीसाठी सर्वोच्च न्यायालयानं 23 मार्च 2021 ला सांगितलं, की व्याजावर व्याज लावायचं नाही, लावलं असेल तर परत करा नाहीतर पुढच्या हप्त्यात वळतं करा. पण ते त्या काळापुरतं. तुमच्या आजच्या स्थगितीला तो निकाल दाखवून उपयोग नाही, तिथं तुमचा करारनामा आणि पत्र काय म्हणतं तेच चालतं. पीककर्जाचे नियम वेगळे, ते आज धरू नका.

व्याजदर जुना आणि नवा एकच आहे का ते पाहा, शेवटच्या ओळीत बाकी शून्य होते का पाहा. चूक सापडली तर शाखेला लेखी द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार, फुकट. पतसंस्थेचं असेल तर तिथं नाही, सहकार निबंधकाकडं.

भावाचे 3,540 परत जमा झाले. आता मागच्या रांगेतले दोघं परत आले, म्हणजे चहा झाला.