ओट्यावरची सावली

मंडळी, परवा कॉलेज रोडच्या एका फ्लॅटमध्ये काकू म्हणाल्या, "बल्ब बदलून बघितला, आधीपेक्षा मोठा लावला, तरी कोथिंबीर चिरताना बोटं दिसत नाहीत." मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि विळी-पाटाऐवजी वापरतात तो चॉपिंग बोर्ड समोर ठेवला. दिवा त्यांच्या पाठीमागे, छताच्या मधोमध. बोर्डवर पडलेली सावली काकूंचीच! दिवा मोठा केला की सावलीसुद्धा ठळक होते.

इलाज म्हणजे वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी. पण बहुतेक कारागीर ती भिंतीलगत चिकटवतात, कारण तिथे ती दिसत नाही. ओटा दोन फूट खोल असतो, कपाट फूटभर. भाजी आपण ओट्याच्या पुढच्या काठाशी चिरतो. म्हणजे उजेड जातो टाइल्सवर, आणि बोर्डवर येतो तो लांबून, तिरका. हाताची सावली आपल्याच बाजूला पडते. म्हणून पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला हवी आणि तिच्यापुढे खाली उतरणारी दीड इंचाची लाकडी पट्टी हवी, म्हणजे जेवायला बसलेल्यांच्या डोळ्यांत दिवा जात नाही.

काकूंचा ओटा नऊ फुटांचा. शेगडी आणि चिमणीची दोन फूट सोडली, कारण तिथली वाफ, तेल नि उष्णता पट्टीला मानवत नाही, आणि चिमणीला स्वतःचा दिवा असतोच. उरले चार आणि तीन फुटांचे दोन तुकडे, मिळून साधारण २.१ मीटर. मीटरला दहा वॅटची पट्टी धरली तर साधारण एकवीस वॅट होतात. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर अगदी तेवढाच घेतला तर तो तापत राहतो. आम्ही ३० वॅटचा, २४ व्होल्टचा घेतला आणि दोन्ही तुकड्यांना त्याच्याकडूनच वेगळी वायर नेली. एकाला दुसरा जोडत लांब नेलं की टोकाकडचा उजेड मंदावतो. पट्टी कापायची ती फक्त तिच्यावर छापलेल्या खुणेवरच. इकडेतिकडे कापली तर कापलेल्या जागेजवळचे दिवे पेटतच नाहीत.

ग्रॅनाइट काळा, चकचकीत. नुसती पट्टी लावली असती तर त्यात ठिपक्यांची माळ दिसली असती. त्यामुळे दुधी झाकणाची ॲल्युमिनियम चॅनल घेतली. चॅनल उष्णता ओढून घेते, आणि तेलकट हात लागला तरी पुसता येते. ती स्क्रूने बसवायची; प्लायवर तेलाचा थर असेल तर पट्टीमागचा गोंद काही महिन्यांतच सुटतो आणि पट्टी लोंबते. आणि उजेडाचा रंग ४००० केल्विनचा, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर पांढरा. फार पिवळ्या उजेडात हळद किती पडली ते कळत नाही, हे माझं मत. काकूंचंही तेच निघालं.

एक मात्र करा. काहीही चिकटवण्याआधी रात्री छताचा दिवा लावून ठेवा, पट्टी मास्किंग टेपने तात्पुरती लावा आणि खरोखर कांदा चिरायला घ्या. काकूंनी चिरला, आणि पट्टी अजून अर्धा इंच पुढे घ्यायला लावली.